भाच्याची गोळी बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

"१. लहान मुलांचं कोलेस्टेरॉल तपासणं म्हणजे लॅबवाल्यांची कमाई. २. मूल बारीक असेल तर कोलेस्टेरॉल वाढूच शकत नाही. ३. वाढलंच तर तूप आणि तळण बंद करा, तीन महिन्यांत नॉर्मल. ४. गोळी दिली की वाढ खुंटते आणि लिव्हर जातं. सगळ्या आईबापांना पाठवा."

नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि भुसावळच्या माझ्या ताईने अकरा वर्षांच्या भाच्याची गोळी बंद केली. मला कळलं दहा दिवसांनी. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पोराची तपासणी मीच करायला लावली होती, आणि त्याच्या वडिलांना, म्हणजे दाजींना, एकेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेलाय. म्हणून राग आलाय.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. सरसकट प्रत्येक मुलाची तपासणी करावी का, यावर जाणकारांचंच एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये ९ ते ११ या वयात सगळ्यांची तपासणी करा म्हटलं, तर तिथल्याच दुसऱ्या सरकारी समितीने २०२३ मध्ये त्यासाठी पुरेसा पुरावा नाही म्हटलं. पण ही चर्चा ज्यांच्या घरात काही नाही अशा मुलांची आहे. बाप, काका, आजोबा यांपैकी कुणाला पंचावन्नच्या आत किंवा आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलाची तपासणी करायचीच.

दुसऱ्याला उत्तर म्हणून भाचाच पुरे. हाडकुळा पोरगा, रोज कबड्डी खेळतो. पहिल्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, २२२ होतं. मुलांमध्ये ते ११०च्या खाली हवं, १३०च्या वर गेलं की जास्त. एका रिपोर्टवर मी काही ठरवत नाही. तीन आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं, २१४ आलं. थायरॉइड कमी असला किंवा लघवीतून प्रथिनं जात असली तरी कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून तेही पाहिलं. दोन्ही ठीक होतं.

खरं नुकसान तिसऱ्या मुद्द्याने होतं, कारण तो बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरा ठरतो. माझ्याकडे येणारं एक बारा वर्षांचं पोर घ्या. वजन जास्त, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, १९०, एलडीएल ११८. रोज कोल्ड्रिंक, केळी वेफर्सचं पाकीट आणि संध्याकाळभर मोबाइल. त्याला गोळीची गरज नव्हती. कोल्ड्रिंक आणि पाकीट बंद, रोज तासभर खेळ, एवढ्यावर सहा महिन्यांत ट्रायग्लिसराइड ११२ वर आलं. त्याचा आजार खाण्यातून आणि बसण्यातून आला होता, म्हणून तिथेच बरा झाला.

भाच्याचा तसा नाही. रक्तातलं एलडीएल यकृत उचलून घेतं. ज्या रिसेप्टरने ते उचलायचं, त्याचं काम बिघडवणारा दोष त्याला वडिलांकडून जन्मतःच आलाय. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, आणि तो साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. तरीही ताईने सहा महिने मन लावून पथ्य केलं. बट्टीवर तुपाची धार नाही, शेवभाजीवर तर्री नाही, मलईचं दूध बंद. एलडीएल २१४ वरून १९६ झालं. पथ्याने साधारण दहा टक्के उतरतं, ते उतरलं. म्हणजे पथ्यात कसूर नव्हती. दहाव्या वर्षापुढे, सहा महिन्यांच्या पथ्यानंतरही एलडीएल १९० किंवा जास्त राहिलं तर गोळीचा विचार करतात. घरात कमी वयातला हृदयविकार असेल तर ही रेषा १६० वर येते. भाचा दोन्हींच्या वर आहे. त्याला आणखी तीन महिने फक्त पथ्यावर ठेवणं म्हणजे तोच आकडा तीन महिने जास्त वाहू देणं.

चौथ्याला नेदरलँड्समधला अभ्यास उत्तर देतो, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. हाच आजार असलेल्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केलं आणि वीस वर्षं पाठपुरावा केला. एकोणचाळिशीपर्यंत त्यांच्यातल्या एक टक्क्याला हृदयविकाराचा त्रास झाला. त्यांच्याच आजारी आईबापांमध्ये, ज्यांना लहानपणी हे औषध मिळालं नव्हतं, त्याच वयापर्यंत सव्वीस टक्क्यांना झाला होता. मुलांवरच्या चाचण्यांत उंची किंवा वयात येणं यावर परिणाम दिसलेला नाही. लिव्हरची तपासणी गोळीआधी आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांनी करतो, भाच्याची दोन्ही वेळा नीट आली. अंग विनाकारण दुखायला लागलं तर मात्र लगेच सांगायचं. मुलगी असेल तर मोठेपणी गरोदरपणाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं.

ताईने काल रात्रीपासून गोळी पुन्हा सुरू केली. धाकटी भाची सहा वर्षांची आहे, तिच्यात हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. शनिवारी सकाळी तिचंही रक्त घेणार आहे.