निकालापासूनची सरासरी आणि ‘सगळे नफ्यात’ हा समज

हा सल्ला वारंवार ऐकू येतो: “कंपनीच्या निकालाच्या तारखेवर किंवा मोठ्या तळावर अँकर्ड व्हीवॅप लावा. भाव रेषेच्या वर असेल तर तेव्हापासून घेणारे सगळे नफ्यात आहेत. नफ्यातला माणूस विकत नाही, म्हणून ती रेषा पक्का सपोर्ट असते. भाव रेषेखाली गेला की सगळे अडकले.”

अँकर्ड व्हीवॅप म्हणजे निवडलेल्या कँडलपासूनच्या, व्हॉल्यूमनुसार काढलेल्या सरासरी भावाची रेषा. ती मी रोज वापरतो आणि ती उपयोगी आहे, म्हणूनच हे लिहितोय. तिच्यावर जे लादलं जातंय ते तिच्या गणितातच नाही. अँकर केलेल्या कँडलपासून प्रत्येक कँडलचा भाव त्या कँडलच्या व्हॉल्यूमने गुणायचा, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण व्हॉल्यूमने भागायचं. एवढंच. येते ती सरासरी, आणि सरासरीवरून किती जण नफ्यात आहेत ते कळत नाही.

छोटे आकडे घेऊ. निकालानंतर पहिल्या दिवशी 30 लाख शेअर 90 रुपयांना गेले. पुढच्या काही दिवसांत भाव चढला आणि 70 लाख शेअर 110 ला गेले. सरासरी 104. आज भाव 106 आहे, म्हणजे रेषेच्या वर. पण त्या काळातली 70 टक्के खरेदी 110 ची आहे आणि ती तोट्यात आहे. स्वस्तात घेतलेल्या 30 टक्क्यांचा शेअरमागे 16 रुपये नफा महागात घेतलेल्यांच्या 4 रुपये तोट्याला झाकतो, म्हणून रेषा खाली दिसते. निकालानंतर चढलेल्या शेअरमध्ये बहुतेक वेळा हेच घडतं, कारण बातमी पसरते तशी गर्दी वरच्या भावाला येते.

त्याच उदाहरणात आणखी एक पाऊल टाकू. 90 ला घेतलेल्यांनी 110 ला विकून टाकलं असेल तर? त्यांचे 30 लाख शेअर आज त्यांच्याकडे नाहीत, ते 110 वाल्यांकडे गेले. म्हणजे या काळात घेऊन अजून हातात ठेवलेल्या प्रत्येकाचा भाव 110 आहे आणि 106 ला एकही जण नफ्यात नाही. रेषा मात्र 104 वरच, कारण तिला सौदे दिसतात, धारक दिसत नाहीत. सकाळी घेऊन दुपारी विकलेला इंट्राडेचा सौदाही तिच्या बेरजेत तितकाच जड असतो. शिवाय प्रत्येक खरेदीसमोर एक विक्री असतेच. त्यामुळे 104 ही विकणाऱ्यांचीही सरासरी आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

नफ्यातला माणूस विकत नाही, हे तर अनुभवाच्या नेमकं उलट आहे. टेरन्स ओडीन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अमेरिकी ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली होती. लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले धरून बसतात, असं त्यात दिसलं. घरातल्या कुणाचाही डीमॅट उघडून पाहा, लाल आकडे सर्वांत जुने असतात. म्हणून रेषेच्या बरंच वर गेलेल्या भावात नफावसुलीची शक्यता वाढते. आणि तोट्यात अडकलेले लोक विकतात ते भाव त्यांच्या खरेदीपाशी परत आल्यावर, ‘मुद्दल सुटलं’ म्हणून.

आता निकालाच्या तारखेकडे येतो. इथे सर्वाधिक चूक होते, आणि ती अगदी टाळता येण्यासारखी आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे निकाल 3:30 ला बाजार बंद झाल्यावर येतात. एचडीएफसी बँकेचा निकाल 16 जानेवारी 2024 ला असाच संध्याकाळी आला. त्या दिवशी शेअर 1,680 च्या आसपास बंद झाला होता. 17 तारखेला तो साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडला आणि 1,537 जवळ बंद झाला. (ऑगस्ट 2025 मधल्या 1:1 बोनसमुळे आजच्या चार्टवर हे भाव निम्मे दिसतात.) तारीख पाहून 16 च्या कँडलवर अँकर लावला, तर निकाल माहीत नसताना घेणाऱ्यांचं व्हॉल्यूम बेरजेत येतं. हिशेबासाठी 17 तारखेची सरासरी 1,550 धरू आणि तिचं व्हॉल्यूम 16 च्या पाचपट धरू. 16 पासून रेषा 1,572 जवळ येते, 17 पासून 1,550. मधल्या 22 रुपयांत भाव फिरत असेल तर एका अँकरने लोक अडकलेले दिसतील आणि दुसऱ्याने नफ्यात. अँकर 17 तारखेच्या पहिल्या कँडलवरच हवा. निकाल बाजार चालू असताना आला असेल, तर रोजची कँडल चालत नाही. पाच किंवा पंधरा मिनिटांच्या चार्टवर जाऊन बातमीनंतरची कँडल धरावी लागते.

तळाच्या अँकरचा दोष वेगळा. तळ हा तळ होता, हे भाव बराच वर गेल्यावरच कळतं. सर्वांत खालच्या कँडलपासून सरासरी काढली की सुरुवातीचे दिवस भाव तिच्या वर असणारच, त्यातून नवी माहिती काहीच मिळत नाही. दुसरं म्हणजे रेषा जुनी होते तशी जड होते. आजचं व्हॉल्यूम आतापर्यंतच्या बेरजेच्या 1 टक्का असेल, तर आजच्या सरासरी भावातलं आणि रेषेतलं अंतर आज जेमतेम 1 टक्क्याने भरून निघतं. मार्च 2020 च्या तळापासून ओढलेल्या रेषेला गेल्या महिन्यात घेणाऱ्यांबद्दल सांगण्यासारखं काहीच उरलेलं नाही. अलीकडचे खरेदीदार हा प्रश्न असेल, तर अँकरही अलीकडचाच हवा.

मग खरोखर विचारायचं ते कसं काढायचं? एनएसईच्या रोजच्या डिलिव्हरीसहित भावपत्रिकेत `AVG_PRICE`, `TTL_TRD_QNTY` आणि `DELIV_QTY` असे रकाने असतात. `AVG_PRICE` ही त्या दिवसाची खरी सरासरी. चार्टवरची रेषा बहुधा `hlc3` वरून, म्हणजे उच्च, नीच आणि बंद भावाच्या सरासरीवरून काढलेली असते. मोठ्या उलथापालथीच्या दिवशी या दोन्हींत चांगलाच फरक पडतो. अँकरच्या दिवसापासून हे तीन रकाने अनुक्रमे B, C, D मध्ये घ्या आणि आजचा भाव F1 मध्ये ठेवा. खाली 20 दिवस धरले आहेत:

```
=SUMPRODUCT(B2:B21,C2:C21)/SUM(C2:C21)
=SUMIF(B2:B21,"<"&F1,C2:C21)/SUM(C2:C21)
```

पहिली ओळ म्हणजे तीच रेषा. दुसरी ओळ सांगते की एकूण व्हॉल्यूमपैकी किती भाग आजच्या भावापेक्षा कमी सरासरीच्या दिवशी झाला. C च्या जागी D घातला की इंट्राडेचे सौदे गळून डिलिव्हरीचा हिशेब मिळतो. मध्ये बोनस किंवा विभाजन झालं असेल, तर आधीचे भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही जुळवून घ्या. नुसते भाव बदलले तर सरासरी बिघडते.

डिलिव्हरीचा आकडाही धारकांची यादी नव्हे. सोमवारी डिलिव्हरी घेऊन शुक्रवारी विकणाऱ्याची सोमवारची नोंद तशीच राहते. तरीही वरच्या उदाहरणात दुसरी ओळ 30 टक्के दाखवेल. 106 ला भाव रेषेच्या वर आणि नफ्यातली खरेदी फक्त 30 टक्के, असं दिसलं की मी 104 च्या सपोर्टपेक्षा 110 कडे जास्त लक्ष देतो. भाव तिथे पोचला की मुद्दल सोडवायला किती जण येतात, ते त्या दिवशीच्या व्हॉल्यूममध्ये दिसतं.