बोर्डवाल्याला फोन करायच्या आधी

दुकान टाकायचं ठरलं की आपल्याकडं पहिला फोन बोर्डवाल्याला जातो. नाव काय, कलर कुठला, लोगोत मिरची घ्यायची का कणीस, यावर घरात चार दिवस चर्चा. गिऱ्हाईक कोण, यावर चार मिनिटं पण नाय. आमचा भाचा सांगलीत विश्रामबागेत शंभर फुटी रोडच्या आत एका गल्लीत चटणीचं दुकान काढतोय, चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण. त्याच्याबरोबर गेले काही आठवडे जी डोकेफोड चाललीय ती इथं लिहितोय, कारण पहिल्यांदा दुकान काढणाऱ्या सगळ्यांचं गाडं इथंच अडतं. मी स्वतः किराणा लाईनला सेल्समध्ये आयुष्य काढलंय, त्यामुळं मत जरा ठाम आहे, ऐकून घ्या.

त्याला विचारलं, गिऱ्हाईक कोण? म्हणाला, मामा, चटणी कोण खात नाय? सगळेच की.

खातात सगळे, पण विकत कोण घेतं हा प्रश्न आहे. सांगलीत चटणीचे तीन प्रकारचे लोक आहेत. एक, जी बाई मार्च-एप्रिलला गणपती पेठेतनं मिरची आणून देठं काढते, वाळवते आणि डंकावर कांडून वर्षाची बरणी भरते. ती तुझ्या दुकानात आली तरी चिमूटभर जिभेवर ठेवून "खोबरं कमी हाय बघ" म्हणून निघून जाणार. दोन, खानावळ, मेस, मिसळवाले. हे किलोनं घेतात, पण रेट पाडून आणि उधारीवर. तीन, फ्लॅटमधलं जोडपं, दोघं नोकरीला, चटणी करायला वेळ नाय, गच्ची सोसायटीची, पण जीभ मात्र आईच्या हातची. शिवाय पोरगं पुण्यात नोकरीला असलं की त्याच्या डब्यासाठी पार्सल करणारे आईबाप, ते पण याच तिसऱ्यात.

आता हिशोब बघा, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत. दुकानभाडं, लाईट, एक माणूस मिळून महिन्याला २४ हजार. चटणी सगळं धरून, म्हणजे मिरची, खोबरं, तीळ, लसूण, कांडप, पॅकिंग, किलोला ४०० ला पडते. मेसवाल्याला ४६० नं दिली तर किलोमागं ६० सुटतात, म्हणजे नुसता खर्च निघायला महिन्याला ४०० किलो विकायला पाहिजे, ते पण उधारी वेळेत आली तर. फ्लॅटवाल्याला ६०० नं दिली तर २०० सुटतात, १२० किलोत खर्च निघतो. पण चौघांच्या घराला महिन्याला पाव किलो धरला तर ही ४८० घरं झाली. नवीन पोराला पहिल्या वर्षी ४८० घरं? अवघडच.

भाच्याचं म्हणणं, मग रेट कमी करू, जास्त लोक येतील. मी म्हटलं उलटं कर. दर आठवड्याला थोडी थोडी कांड, त्यात खर्च २० रुपयानं वाढू दे, आणि ७२० नं विक. किलोमागं ३०० सुटतात, ८० किलो, ३२० घरं. पाव किलोचं पाकीट १५० च्या ऐवजी १८० ला. दाजी कपाळाला हात लावून बसले.

आता १८० कोण देईल आणि का देईल, पोझिशनिंग म्हणतात ते एवढंच. गिऱ्हाईक तुझ्या काउंटरवर उभं राहिलं की मनात तुला कशाबरोबर तोलतं? कंपनीच्या पाकिटाबरोबर तोललं तर तू महाग. पेठेतल्या सुट्ट्या चटणीबरोबर तोललं तर लय महाग. पण घरच्या चटणीबरोबर तोललं तर रेटचा विषय मागं पडतो, कारण घरी करायची म्हणजे दोन सुट्ट्या, शिंका आणि हाताची आग. मग तुझी प्रत्येक गोष्ट त्याच तुलनेकडं नेणारी पाहिजे. आणि ती खरी पण पाहिजे बरं का, नुसतं "घरगुती चव" छापून भागत नाय, ते आजकाल सगळेच छापतात.

इथं चटणीचा स्वतःचा गुण कामाला येतो. सुकं खोबरं आणि तीळ म्हणजे तेल, आणि तेल म्हटलं की पाकिटात पडून पडून खवट होणार. कांदा-लसणात ओल राहिली असेल तर बुरशी. उजेडात ठेवली की मिरचीचा रंग पण उतरतो. म्हणून "दर आठवड्याला कांडलेली, पाकिटावर कांडल्याची तारीख ठळक" हे दुसऱ्याला सहज जमत नाय, त्याचा माल गोडाऊन, एजन्सी, दुकान असा फिरत येतो. हे तुझं. पण मग त्याचे नियम पण पाळायला लागतात: जुनं पाकीट काउंटरवर दिसायला नको, उरलेला माल नव्यात मिसळायचा नाय, आणि काचेच्या बरण्या उन्हात मांडून शोभा करायची नाय. कुणी म्हटलं स्वस्तातली एक व्हरायटी पण ठेव, तर ठेवायची नाय. एकदा काउंटरवर १८० च्या शेजारी ९० चं पाकीट बसलं की प्रत्येक जण विचारणार, फरक काय, आणि तुझा अख्खा दिवस त्यातच.

आता ब्रँड. भाच्याला "सांगली मसाले" नाव पाहिजे होतं. गावाचं नाव आणि मालाचं नाव एवढंच असलेलं नाव ट्रेडमार्कला सहसा टिकत नाय, उद्या शेजारचा पण तेच लावणार आणि तू काही करू शकणार नाय. वेगळं नाव शोध, ट्रेडमार्कच्या यादीत मसाले क्लास ३० मध्ये येतात, तिथं आधी कुणाचं आहे का बघ, एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी ४,५०० आहे. एवढं झालं की नावाचा विषय बंद.

खरी मेहनत दुसरीकडं आहे. बाईनं मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "अगं तिथली घे, रंग येतो पण पोरांना झोंबत नाय", तर तो ब्रँड. आणि पुढच्या महिन्यात तेच पाकीट झोंबलं की गेला. मिरची दर लॉटला बदलते. ब्याडगी रंगाला चांगली, तिखटाला कमी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, पण प्रत्येक पोत्याचा तिखटपणा सारखा नसतो. म्हणून प्रमाण वहीत लिहायचं, मागच्या घाणीची एक छोटी बाटली बंद करून अंधारात ठेवायची, नवीन घाणीची आणि तिची एकाच पिठल्यात चव घ्यायची, फरक वाटला तर प्रमाण हलवायचं आणि मगच पॅकिंग. बोर्डाच्या खर्चात हे वर्षभर होतं.

आणि पहिल्या महिन्याच्या गल्ल्यावर खूश व्हायचं नाय, तो सगळा पै-पाहुण्यांचा असतो. पाकीट महिनाभर पुरतं, म्हणजे खरं काय ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळणार, किती जण परत आले त्यावर. काउंटरला एक वही ठेव, नवीन माणसाला एकच विचार: आधी चटणी कुठनं घेत होता? "गावाकडनं आई पाठवायची, आता तिला होत नाय" अशी उत्तरं जास्त आली तर निशाणा बरोबर. "पलीकडं १२० ला मिळतं" असंच येत राहिलं तर एक तर चुकीची माणसं येतायत, नाहीतर ताजेपणा त्यांच्यापर्यंत पोचत नाय. अशा वेळी रेट पाडायच्या आधी पाकीट उघडून वास द्यायचा.

एक अडचण राहतेच, उन्हाळा. मार्च ते मे सगळी सांगली घरीच चटणी करते, गावाकडनं बरण्या येतात आणि आपलं गिऱ्हाईक पण आटतं. दाजींचं म्हणणं त्या तीन महिन्यांत पापड, सांडगे, लोणची सगळं भर. मला पटत नाय. त्यापेक्षा फेब्रुवारीतच वर्षाच्या चटणीचं बुकिंग घ्यावं, तीन किलोपासून पुढं, तिखट किती ते गिऱ्हाईकानं सांगायचं, निम्मे पैसे आधी, आणि कांडायच्या दिवशी ज्याला बघायचंय त्यानं डंकावर येऊन उभं राहावं. पण वर्षाची चटणी एकदम नेली की "ताजी" कुठं राहिली, हा भाच्याचा प्रश्न पण बरोबर आहे. सध्या आम्ही तीन किलो एकदम न देता एकदाच बुक करून दर चार महिन्यांनी एक किलो कांडून द्यायचा विचार करतोय, मिरची मात्र मार्चमध्येच घेऊन ठेवायची, म्हणजे भाव आणि लॉट दोन्ही एकच राहील. कोल्ड स्टोरेजचं भाडं किती बसतं त्याची चौकशी चालू आहे, कुणी मिरची ठेवत असेल तर कमेंटमध्ये सांगा.