तापाचं औषध, आठ कुर्ते आणि माझी एक चूक

«ताई, तुमची पोस्ट वाचून मीही सामानाची कायमची यादी केली. ६४ वस्तूंपासून सुरुवात केली, वर्षभरात ८१ झाल्या. "तीन प्रवासांत वापरलं नाही ते काढून टाका" हे तुमचं ऐकून मुलाचं तापाचं औषध काढलं आणि चौथ्याच प्रवासात, गुहागरला, रात्री साडेदहाला ताप भरला. माझी आई तीस वर्षं यादीबिदी न करता बॅग भरायची, कधी काही राहिलं नाही. मला तर हे रिकामटेकड्यांचं काम वाटायला लागलंय.» — एक वाचक, बोरिवली

त्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की सामानाची एकच कायमची यादी ठेवा आणि दर प्रवासात काय राहिलं, काय वापरलं नाही ते लिहून ती सुधारत जा. औषधाच्या बाबतीत चूक माझीच आहे. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तिसरी जीन्स, जाडजूड कादंबरी असलं सामान होतं. औषधालाही तोच नियम लागेल हे सुचलंच नाही. तुम्हाला त्या रात्री जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. मूळ पोस्टमधलं ते वाक्य आज बदलते आहे.

"वापरलं नाही" एवढीच नोंद का पुरत नाही, ते मला माझ्याच वहीतून कळलं. परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूपुढे मी आता फुली मारत नाही, एक अक्षर लिहिते. 'प्र' म्हणजे प्रसंगच आला नाही. 'दु' म्हणजे दुसऱ्या वस्तूने भागलं. 'हौ' म्हणजे हौस. गावी छत्री आणि रेनकोट दोन्ही नेले आणि रेनकोट घडी न मोडता परत आला, तो 'दु'. जलरंगांची पेटी तीन प्रवास फिरून आली आणि एकदाही उघडली नाही, ती 'हौ'. तीन प्रवासांचा नियम फक्त या दोघांना. 'प्र'ला तो कधीच लावायचा नाही, कारण तापाचं औषध वापरावं लागलं नाही याचा अर्थ कोणाला ताप आला नाही, इतकाच.

'प्र' असलेली वस्तू ठेवायची की काढायची हे ठरवताना मी एकच बघते: ती रात्री अकरा वाजता तिथे मिळेल का, आणि नाही मिळाली तर सकाळपर्यंत चालेल का. कंगवा चालतो. मुलाचं सिरप चालत नाही, आणि त्यात आणखी एक मेख आहे. पॅरासिटामॉलची सिरप वेगवेगळ्या ताकदीची येतात, कुणात पाच मिलीत १२० मिलिग्रॅम तर कुणात २५०. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. घरची बाटली असली की डॉक्टरांनी किती मिली सांगितलंय ते आपल्याला पाठ असतं. परगावी दुकानदाराने दुसरी बाटली दिली आणि आपण घाईत त्याच मिलीने पाजलं, तर औषध दुप्पट जाऊ शकतं. म्हणून सिरप घरचंच न्यायचं, त्याच्या मापाच्या झाकणासकट.

पण 'प्र'चं सामान कायम पिशवीत पडून राहतं आणि पडल्या पडल्या मरतं. सिरपची मुदत संपते, टॉर्चमधले सेल पाझरतात, बँडेजचा चिकटपणा जातो. म्हणून यादीत या वस्तूंपुढे मी तारीख लिहिते आणि निघताना टिक करण्याआधी ती वाचते. माझ्याकडे टॉर्च यादीत होती, पिशवीतही होती, आणि गावी लाइट गेल्यावर उघडली तर आत हिरवट पांढरं पीठ. आता सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत ठेवते.

आता तुमच्या ८१ वस्तूंचं. माझ्या अंदाजाने तुम्ही "राहिलं" म्हणून लिहिलेली प्रत्येक वस्तू थेट यादीत घातलीत. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. त्यावर उपाय म्हणून राहिलेल्या वस्तूपुढे मी एक जास्तीचं वाक्य लिहिते: मग काय केलं? २०२४च्या गणपतीला गावी माझी दोन गोष्टींवाचून अडचण झाली, नेलकटर आणि एक्स्टेंशन बोर्ड. नेलकटरपुढे लिहिलंय, "काकांचं घेतलं, परत दिलं." तो यादीत आला नाही. बोर्डापुढे लिहिलंय, "माजघरात दोन प्लग, बावीस माणसं, फोन रात्री दोनला चार्जिंगला लावला, तिसऱ्या दिवशी बाजारातून आणला." तो आला, पण मुख्य यादीत नाही, 'गावचं घर' या गटात. हॉटेलात जाताना तो मला दिसतसुद्धा नाही.

हे गट केले नाहीत तर कुठलीही यादी फुगणारच. माझ्याकडे 'नेहमीचं' हा एक गट आहे, ३४ वस्तूंचा. त्याला प्रवास बघून पाऊस, गावचं घर, मुलं, विमान यांतले लागतील ते गट जोडायचे. विमानाच्या गटात पॉवर बँकपुढे "हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही" असं लिहिलेलं आहे. रेल्वेने जाताना ते वाक्य वाचायची गरज नाही. सगळं मिळून माझ्याही सत्तरच्या वर वस्तू आहेत, पण एका प्रवासाला डोळ्यांपुढे पंचेचाळीसच येतात.

कपड्यांचा किस्सा मात्र जरा सविस्तर सांगते, कारण यादी बिघडते ती बहुतेक तिथेच. मे २०२४मध्ये चार दिवस दापोलीला गेलो होतो. तीन कुर्ते नेले आणि ते पुरले. संध्याकाळी धुतलेला कुर्ता सकाळी खडखडीत वाळलेला असायचा. त्यावरून मी ऐटीत नियम लिहिला: दिवसांच्या निम्मे अधिक एक. मग गणपती आले. ५ सप्टेंबरला रात्री दादरहून गाडी पकडली, गौरी-गणपतीचं विसर्जन करून १३ला पहाटे परत. गावी पूर्ण सात दिवस. नियमाने साडेचार होतात, म्हणून पाच नेले. भाद्रपदात पडवीतल्या दोरीवर कुर्ता दोन-दोन दिवस ओला राहतो, आणि वाळला तरी त्याला तो कुबट वास येतोच. सहाव्या दिवशी आरतीला मी जाऊबाईंचा कुर्ता घालून उभी होते. तो मला दोन्ही खांद्यांवर उतरत होता, ते फोटोतही आलंय.

आता त्या दिवशी मी "कुर्ते कमी पडले, तीन वाढवा" असं लिहिलं असतं, तर पुढच्या मे महिन्यात दापोलीलाही तीन जास्तीचे कुर्ते वाहून नेले असते. मी लिहिलं ते असं: "दोरीवर दोन दिवस ओले." त्यातून नियमाचे दोन भाग झाले. कोरड्या दिवसांत निम्मे अधिक एक, पावसात जितके दिवस तितके अधिक एक. २०२५ला चतुर्थी २७ ऑगस्टला आली, मुक्काम तेवढाच सात दिवसांचा. आठ कुर्ते नेले, एक घडी न मोडता परत आला. तो जास्तीचा एक मी काढणार नाही. पावसात चिखलाने एक जातोच, त्या वर्षी गेला नाही इतकंच.

सुती कुर्ता साधारण पाव किलोचा, म्हणजे तीन कुर्त्यांचं पाऊण किलो. ऐकायला काहीच नाही. पण आम्ही राहतो पार्ल्याला. पहाटे दादरला उतरून, बॅग आणि नारळांची पिशवी घेऊन, पुलावरून पश्चिम रेल्वेकडे जायचं आणि लोकल पकडायची. जास्तीची वस्तू नेली की काय होतं ते मला तो पूल चढताना कळतं. परत येऊन नोंदी करायला मी बसते ती बहुतेक त्या दुखऱ्या हातांच्या रागावरच.

नोंदी दोन वेगळ्या वेळी होतात, हे मूळ पोस्टमध्ये नीट आलं नव्हतं. राहिलेली वस्तू तिथल्या तिथे लिहायची, फोनमध्ये, एका ओळीत, कारण उसनं मिळालं की पाच मिनिटांत आपण ते विसरतो. न वापरलेली मात्र घरी बॅग रिकामी करताना लिहायची. मी सगळं पलंगावर ओतते. जे निघताना घातलेल्या घडीतच आहे ते वापरलेलं नाही. एकदा सगळे कपडे मशीनमध्ये गेले की कुठला घातला होता नि कुठला नाही ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यात पंधरा मिनिटं जातात. दोन दिवसांनी करू म्हटलं की ते होत नाही, माझ्या वहीत तसे दोन प्रवास कोरे आहेत.

आणि मूळ यादीवर कधीच टिक करू नका. तुम्ही Google Keep वापरत असाल तर दर वेळी `Make a copy` करून त्या प्रतीला प्रवासाचं नाव नि महिना द्या. बरेच जण तीच यादी `Uncheck all items` करून पुन्हा वापरतात. मग मागच्या वेळी काय नेलं होतं याचा पुरावाच उरत नाही, आणि तीन प्रवास मोजणार कशावरून?

तुमच्या आईंबद्दल मी कोण बोलणार. माझी आईही यादी करायची नाही. पण ती दर मे महिन्यात एकाच गावी, त्याच घरी, तीच ट्रंक घेऊन जायची, आणि अंथरूण-पांघरुणापासून तेलाच्या बाटलीपर्यंत सगळं तिथे होतं. अशा प्रवासाला मलाही यादी लागत नाही. दोन दिवस पुण्याला बहिणीकडे जाताना मी ती उघडतही नाही, तिथे टूथब्रश विसरला तर ती नवा काढून देते, वर टोमणा मारते. तुम्ही मुलाला घेऊन दर वेळी वेगळ्या ठिकाणी जात असाल, तर ८१च्या यादीतून आधी "मग काय केलं?" याचं उत्तर आठवत नाही त्या वस्तू खोडा, उरलेल्यांचे गट पाडा.

सिरप मात्र आज रात्रीच परत लिहा, तारखेसकट. बाटली फोडल्यावर किती दिवस वापरायची ते लेबलवर किंवा आतल्या कागदावर असतं. नसेल तर केमिस्टला विचारा आणि फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने घाला. माझी जूनमध्ये फोडलेली आहे, म्हणून या गणपतीच्या प्रतीत तिच्यापुढे "नवी घेणे" असं आलंय.