पिवळं तेवढंच सारांशात? मग शेवटच्या प्रकरणांचं काय करायचं?

«पुस्तकाच्या पानांचे फोटो काढा. पिवळं केलेलं आणि अधोरेखित केलेलं जसंच्या तसं उतरवा, सारांश तयार! ज्यावर खूण नाही ते भरताड, सोडून द्या. पिवळं आणि रेघ दोन्ही सारखंच महत्त्वाचं. जुनं पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं, टॉपरने आधीच निवडून ठेवलेलं असतं.»

हा मेसेज मला याआधी दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला. परवा तो भाच्याच्या वहीत उतरलेला पाहिला आणि मग राहवेना.

भाचा बारावी कॉमर्सला आहे. अर्थशास्त्राचं पुस्तक अप्पा बळवंत चौकातून जुनं घेतलेलं. मागणीच्या प्रकरणाचे फोटो मोबाइलवर आणि त्यावरून केलेला सारांश वहीत. त्यात एकाखाली एक दोन ओळी होत्या: 'मागणीचा विस्तार – मागणी वाढते. मागणीतील वृद्धी – मागणी वाढते.' मी विचारलं, "अरे, एकाच गोष्टीला दोन नावं कशाला?" तर म्हणाला, "मावशी, पुस्तकातच तसंय."

पुस्तकात तसं नव्हतं. फोटो मोठा करून पाहिला. आधीच्या मालकाने व्याख्येतला शब्द पिवळा केला होता, वाक्याचं शेपूट पिवळं केलं होतं आणि मधला भाग कोरा सोडला होता. सगळा जीव त्या मधल्या भागात होता. विस्तार म्हणजे बाकीचे घटक कायम असताना वस्तूची स्वतःची किंमत उतरली म्हणून मागणी वाढणं. वृद्धी म्हणजे किंमत तीच असताना उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलल्यामुळे मागणी वाढणं. पहिल्यात आपण मागणीच्या त्याच वक्रावर खाली सरकतो, दुसऱ्यात अख्खा वक्रच उजवीकडे जातो. मी त्याला म्हटलं, "चहा महागला म्हणून लोक कॉफी जास्त घ्यायला लागले, कॉफीचा भाव तोच. मग काय झालं?" तो बेधडक म्हणाला, "विस्तार." चुकलं. आणि 'फरक स्पष्ट करा'मध्ये नेमकं हेच विचारतात.

म्हणजे ज्याला भरताड म्हटलं, ती अट होती. खूण करणाऱ्याचा हात शब्दाकडे आणि निष्कर्षाकडे जातो. 'असताना', 'मात्र', 'जर', 'वगळता' अशा शब्दांवर तो थांबत नाही, कारण वाचताना ते सोपे वाटतात. म्हणून सारांश करताना पिवळा भाग हा खुंटा समजायचा. त्याच्या आधीचं एक वाक्य आणि नंतरचं एक वाक्य वाचायचं. त्यात अट, कारण किंवा अपवाद असेल तर तो खुणेबरोबर आत यायलाच हवा, मग त्यावर रंग असो वा नसो. पिवळी ओळ 'त्यामुळे'ने सुरू होत असेल तर मागचं वाक्य सोडून ती उतरवण्यात काहीच अर्थ नाही. कशामुळे, ते कुठे गेलं? त्याच पानावर पिवळं एकही नसलेलं एक शीर्षक होतं, मागणीच्या नियमाचे अपवाद. गिफेन वस्तू, प्रतिष्ठेच्या वस्तू, सगळे कोरे. सारांशातही अर्थातच नाहीत.

आता ते 'टॉपर' प्रकरण. ही गोष्ट नुसती वेडगळ नाही, घातक आहे, आणि हे मी मनाने सांगत नाही. १९९७ साली सिल्व्हर्स आणि क्राइनर या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना आधीच हायलाइट केलेला मजकूर वाचायला दिला. काहींच्या मजकुरात योग्य जागी रंग होता, काहींच्या मजकुरात नको त्या जागी, काहींचा मजकूर कोरा. नको त्या जागी रंग असलेला मजकूर ज्यांनी वाचला, त्यांना तो कमी कळला. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना आधी बजावून ठेवलं की या खुणा चुकीच्या आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तरीही फटका बसलाच. थोडक्यात, दुसऱ्याची चुकीची खूण डोळ्यांना दुर्लक्षित करता येत नाही, सांगून ठेवलं तरी. मग ज्याला कुणी सांगितलेलंच नाही, उलट 'टॉपरने निवडलंय' म्हणून सांगितलंय, त्याचं काय होत असेल?

आणि टॉपर कशावरून? आमच्याकडच्या पुस्तकातल्या टॉपरने पहिल्या दोन प्रकरणांत जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळी केली आहे, मागणीपासून हात आखडला आहे आणि विदेशी व्यापाराच्या शेवटच्या प्रकरणात साधी रेघही नाही. बहुधा मार्कर संपला किंवा उत्साह. या मेसेजप्रमाणे चाललं तर पहिल्या प्रकरणाचा सारांश प्रकरणाएवढाच होईल आणि शेवटच्याचा शून्य ओळींचा. पान पाऊणभर पिवळं असेल तर त्या रंगातून काहीच निवडून मिळत नाही. तिथे खुणा बाजूला ठेवायच्या आणि शीर्षकं व स्वाध्यायातले प्रश्न पाहून मजकूर निवडायचा.

रेघ आणि पिवळं सारखंच, हेही खोटं. एकाच शब्दाखाली पेन्सिलची नागमोडी रेघ आणि वर बारीक अक्षरात अर्थ लिहिलेला असेल, तर तो शब्द अडला होता एवढंच. समासात प्रश्नचिन्ह असेल तर तो भाग कळला नव्हता. तो सारांशात घ्यायचा असेल तर दोन शब्द जास्त लिहून समजावून घ्यावा. समासात वर्ष आणि महिना लिहिलेला असेल तर तो प्रश्न परीक्षेत येऊन गेला. अक्षर आणि पेन दोन जणांचे असतील तर आपल्या खुणा कुठल्या ते आधी ठरवावं. भाच्याने 'अनुमान' या शब्दाखालची रेघ पाहून तो शब्द सारांशात एकटाच लिहिला होता, पुढे मागे काही नाही!

फोटोबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, म्हणून तेवढं सांगते. स्कॅनर अॅपमध्ये काळं-पांढरं मोड लावलं की फिकं पिवळं उडून जातं. पिवळ्या बल्बखाली कागद आणि खूण एकाच रंगाचे दिसतात. मागच्या पानावरचा मार्कर पातळ कागदातून इकडे उमटतो. तो फिकट असतो आणि शब्दांच्या मध्येच सुरू होतो, मध्येच संपतो. पुस्तकातल्या छापील रंगीत चौकटीही फोटोत खुणेसारख्या वाटू शकतात. पुस्तक हातात असतानाच पानावरच्या खुणा मोजायच्या आणि फोटोत तेवढ्या दिसतात का बघायचं. अर्धा मिनिट लागतो.

बरं, एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. खुणा तुमच्याच असतील आणि दुसऱ्या वाचनात विचार करून केलेल्या असतील, तर त्या सारांश कुणासाठी आणि कशासाठी आहे ते सांगतात. अशी एकही खूण निसटता कामा नये. सारांशात ती हवी, किंवा का गाळली हे तुम्हाला सांगता यायला हवं. जागा कमी असेल तर खूण असलेल्या भागाला जास्त ओळी द्या. एवढ्यापुरतं पिवळं खरं.

भाच्याला मी सांगितलं, त्या दोन ओळी खोड. त्याने लिहिलं: 'स्वतःची किंमत उतरली, बाकी सगळं कायम – विस्तार. किंमत तीच, बाहेरचं काहीतरी बदललं – वृद्धी. उदा. चहा महाग, कॉफीची वृद्धी.' खाली अपवादांसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या. मग विदेशी व्यापाराचं कोरं पान उघडून म्हणाला, "मावशी, इथे तर काहीच पिवळं नाही. आता मला अख्खं वाचावं लागणार का?"

"हो."