एकतीस तारखेचा महिना कधी भरतो?

महिना भरला की नाही, हे कळायला आपल्याला फंक्शन लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं की कळतं. पण हाच प्रश्न शेकडो ओळींसाठी सोडवायची वेळ आली की दोन तारखांमधलं अंतर मोजणारं एक्सेलमधलं DATEDIF आठवतं. ते यादीत सापडत नाही. नाव टाइप करायला घेतलं तरी एक्सेल ते सुचवत नाही, कंसात काय भरायचं तेही सांगत नाही. जुन्या लोटस १-२-३ च्या फाइली चालाव्यात म्हणून ठेवलेला हा पाहुणा आहे, आणि घरचे लोक त्याची ओळख करून द्यायला का कचरतात, ते पहिल्याच महिनाअखेरीला समजतं.

```
=DATEDIF(DATE(2023,1,31),DATE(2023,2,28),"m")
```

जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर. उत्तर येतं ०. अख्खा फेब्रुवारी गेला, पण महिना काही भरला नाही! शेवटची तारीख एका दिवसानं पुढे, १ मार्चवर न्या, की लगेच उत्तर १.

यात गूढ काही नाही. DATEDIF आधी फक्त महिन्यांचे आकडे वजा करतं (वर्ष बदललं असेल तर वर्षाला १२ धरून). मग दोन्ही तारखांचे दिवस शेजारी ठेवून बघतं. शेवटचा दिवस सुरुवातीच्या दिवसापेक्षा लहान असेल तर एक महिना कापतं. झालं काम. जानेवारी ते फेब्रुवारी १, पण २८ हे ३१ पेक्षा लहान, म्हणून १ उणे १. जानेवारी ते मार्च २, दिवस १ हा ३१ पेक्षा लहान, म्हणून उरला १. फेब्रुवारीला एकतीस तारीख गाठणं जन्मात जमणार नाही, ही त्या बिचाऱ्याची अडचण DATEDIF च्या कानावर कुणी घातलेलीच नाही.

खरी गंमत बेरजेत आहे. ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी: ०. २८ फेब्रुवारी ते ३१ मार्च: १. ३१ मार्च ते ३० एप्रिल: पुन्हा ०. तुकड्यातुकड्यानं मोजलं तर एकूण १ महिना. तेच ३१ जानेवारी ते ३० एप्रिल एका दमात मोजलं तर २. आणि कॅलेंडर घेऊन बसलेला कुणीही साधा माणूस म्हणेल ३. दर महिन्याचा वेगळा हिशेब एका पत्रकात आणि एकूण दुसऱ्या पत्रकात ठेवणाऱ्यांची पत्रकं का जुळत नाहीत, ते यातच आलं. मला विचाराल तर चुकीच्या उत्तरापेक्षा हे वाईट, कारण तीनही उत्तरं सुटी पाहिली तर पटण्यासारखी दिसतात.

उरलेले दिवस काढायला "md" वापरणाऱ्याची तर बोलतीच बंद होते. ३१ जानेवारी ते १ मार्च २०२३ ला उत्तर येतं उणे २. म्हणजे एक महिना आणि वजा दोन दिवस! इथे ते आधीच्या महिन्यातली ३१ तारीख शोधायला जातं. ३१ फेब्रुवारी नावाची तारीख घसरत ३ मार्चवर पडते, आणि १ मार्च तिच्या दोन दिवस मागे राहतो. "md" वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावर लिहिलेलं आहे. तेवढं ऐकावं.

"m" मात्र सुधारता येतं. आधी ठरवा, शेवटचा दिवस हिशेबात धरायचा का? १ जानेवारी ते ३१ जानेवारी याला तुम्ही पूर्ण महिना म्हणत असाल, तर ० हे उत्तर फंक्शनचं नव्हे, मोजायच्या पद्धतीचं आहे. तिथे शेवटच्या तारखेत १ मिळवा, म्हणजे B2 ऐवजी B2+1. महिनाअखेर ते महिनाअखेर मोजायचं असेल तर EDATE ला साक्षीला बोलवा. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की ते मुकाट्यानं २८ फेब्रुवारी देतं:

```
=DATEDIF(A2,B2,"m")
 +(EDATE(A2,DATEDIF(A2,B2,"m")+1)<=B2)
```

कापलेला महिना खरं तर भरला होता का, हे दुसरी ओळ तपासते आणि भरला असेल तर १ परत देते. ३१ जानेवारी ते ३० एप्रिल आता ३ येतात, आणि तीन तुकड्यांची बेरीजही ३. A2 मात्र मूळ तारीखच असू द्या. EDATE नं दिलेल्या २८ फेब्रुवारीत पुन्हा एक महिना मिळवला तर २८ मार्च येतो, ३१ नाही. शिवाय २८, २९, ३० आणि ३१ जानेवारी या चौघांचाही पहिला महिना २८ फेब्रुवारीलाच भरतो. २८ तारखेचा माणूस तक्रार करणार, मी इतके दिवस जास्त थांबलो त्याचं काय? त्याला "d" लावून दिवस मोजून दाखवा. तिथे भांडायला जागा नाही: ३१, ३०, २९ आणि २८.