चार वेळा 'जेंटल रिमाइंडर' पाठवूनही उत्तर येत नाही तेव्हा

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की थकलेल्या बिलासाठी तीनच रिमाइंडर पाठवायचे आणि प्रत्येकाचं काम वेगळं ठेवायचं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, तीन रिमाइंडरवाली पोस्ट वाचली. सॉरी, पण हे एसीत बसणाऱ्यांचं शहाणपण आहे. माझा ऐरोलीत प्रिंटिंगचा धंदा आहे. एका पार्टीला बिलासाठी चार वेळा जेंटल रिमाइंडर टाकला, एकालाही उत्तर नाही. गोड बोललं की लोक डोक्यावर बसतात. पहिल्याच मेलला नोटिशीची भाषा वापरायची, पैसे आपोआप येतात."

दादा, तुमचा राग अगदी खरा आहे आणि मला तो रोज बघायला मिळतो, कारण ठाण्यात वागळे इस्टेटच्या चार-पाच छोट्या व्हेंडर लोकांची वसुली मीच सांभाळते. पण तुम्ही जे चार रिमाइंडर टाकलेत ना, ते माझ्या हिशेबात एकच आहेत. तोच मजकूर चारदा गेला. समोरच्याला दुसऱ्यांदा वाचून नवीन काहीच कळलं नाही, करायला नवीन काही मिळालं नाही, मग तो उत्तर तरी कशाचं देणार?

एक केस पूर्ण सांगते, नावं सोडून. माझ्याकडच्या एका फोटोग्राफरने महापेच्या एका कंपनीचं प्रॉडक्ट शूट केलं. 2 जूनला फायली दिल्या, 3 जूनला 38,500 रुपयांचं बिल मेल केलं. लेखी करार काहीच नाही, मार्केटिंगवाल्या साहेबांनी फोनवर "पंधरा-वीस दिवसांत होईल" म्हटलेलं. नंतर सगळं शांत.

पहिला रिमाइंडर गेला 18 जूनला, बुधवारी सकाळी. त्याच जुन्या मेलला रिप्लाय करून, बिल परत अटॅच करून. मजकूर एवढाच: "सर, 3 जूनचं बिल सोबत पुन्हा जोडतोय. मिळालं एवढं कळवाल का?" या टप्प्यावर आपण एकच शंका मिटवत असतो, की मेल पोचला की राहून गेला. म्हणून पैसे कधी हेसुद्धा विचारायचं नाही, कारण "मिळालं" लिहायला दोन सेकंद लागतात आणि "कधी देणार" याचं उत्तर त्या माणसाकडे बरेचदा नसतंच. आणि "त्रास देतोय, माफ करा" हे काढून टाका, आपण काम केलंय. उत्तर आलं, "रिसीव्ह्ड". बास. पण आता ते नंतर "बिलच आलं नव्हतं" म्हणू शकत नाहीत, आणि तेही लेखी.

तुमची नोटीसवाली भाषा इथे वापरली असती तर काय झालं असतं ते सांगते. तो मार्केटिंगवाला चिडून मेल लीगलकडे नाहीतर बॉसकडे ढकलतो, मग तिथे तो पडून राहतो, आणि ज्या माणसाला आत जाऊन "अरे त्याचं बिल काढ ना" म्हणता आलं असतं तोच आपल्या विरोधात जातो. शिवाय नोटीस एकदा दिली की पुढे चढायला पायरी उरत नाही.

आता दुसरा, आणि माझ्या मते खरं काम हाच करतो. पहिल्यानंतर बरोबर आठवड्याने, 25 जूनला. यात पैसे मागायचेच नाहीत, गाडी कुठे अडली ते विचारायचं. आम्ही लिहिलं: "सर, बिल अकाउंट्समध्ये बुक झालंय का? पीओ नंबर किंवा व्हेंडर कोड काही बाकी असेल तर आजच देतो. अकाउंट्सला सीसीत ठेवलंय." मोठ्या कंपनीत बिल नुसतं मेलमध्ये आलं म्हणजे ते सिस्टीममध्ये चढलं असं नसतं हो, पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, नसला तर अकाउंट्सची बाई ते बाजूला ठेवते आणि कुणालाच कळवत नाही. तसंच निघालं. दुपारी तिचाच रिप्लाय, "पीओ नंबर मेन्शन नाही". मार्केटिंगवाल्याला हे माहीतच नव्हतं! नवीन बिल त्याच संध्याकाळी गेलं, आणि ती म्हणाली पुढचा पेमेंट रन, म्हणजे सगळ्यांची बिलं एकदम चुकती करायचा दिवस, 10 जुलैचा आहे.

इथे एक गोष्ट पाळायची. त्यांनी तारीख दिली की आपलं घड्याळ त्या तारखेपासून धावतं. मधे 30 जूनला, 5 जुलैला "काही अपडेट?" करत बसायचं नाही, नाहीतर आपल्या मेलची किंमत जाते. फोन करायचा असेल तर दुसऱ्या रिमाइंडरच्या आसपास जरूर करा, पण फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेल टाका, "बोलण्याप्रमाणे 10 जुलै".

10 जुलै गेला, पैसे नाहीत, उत्तर नाही. 14 जुलै, सोमवार, शेवटचा. शेवटच्यात विनंती नसते, आपण काय करणार ते असतं, आणि ते आपल्या एकट्याच्या हातात असायला हवं. या फोटोग्राफरची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, शूटच्या आधीपासून होती, त्यामुळे एमएसएमई कायदा 2006 त्याच्या मदतीला होता: लेखी करार नसेल तर माल किंवा काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे, करार असला तरी जास्तीत जास्त 45, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. पैसे अडले तर तक्रार न्यायची ती सरकारच्या सुविधा परिषदेकडे. त्यांनी 15 दिवसांत लेखी तक्रार केली नव्हती, म्हणजे काम 2 जूनलाच स्वीकारलं असं धरलं जातं. मजकूर असा होता: "सर, 2 जूनला काम दिलं, 25 जूनला दुरुस्त बिल दिलं, 10 जुलैचं पेमेंट आलं नाही. सोमवार 21 जुलैपर्यंत 38,500 जमा झाले तर विषय संपला, व्याज मागणार नाही. नाहीतर 22 तारखेला सुविधा परिषदेकडे व्याजासह अर्ज करतोय. काही अडचण असेल तर त्याआधी फोन करा." फायनान्स हेडला सीसी केलं, पण आधी मार्केटिंगवाल्याला फोन करून सांगितलं की असा मेल जाणार आहे. हे सांगणं मी कधीच सोडत नाही, त्याच्या पाठीमागून वर गेलो असं त्याला वाटता कामा नये. 17 तारखेला पैसे आले.

फायनान्सवाल्याला ही भाषा बरोबर कळते, कारण 2023 च्या बजेटपासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच मिळतो. मात्र हे सगळं नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना लागू होत नाही, आणि काम झाल्यावर केलेली उद्यम नोंदणी त्या बिलाला उपयोगी पडेल असं धरून चालू नका. तेव्हा उगाच कायद्याचं नाव घेऊ नका, समोरचा सीए पाच मिनिटांत ओळखतो. तुमच्या हातात असं काही नसेल तर शेवटच्यात हातात आहे तेच लिहा, म्हणजे "21 तारखेनंतर नवीन जॉब मशीनवर घेणार नाही". आणि लिहिलं की खरंच थांबवा, कारण त्यानंतर आणखी एक रिमाइंडर गेला तर तुमच्या कुठल्याच तारखेला अर्थ राहत नाही.

तुमच्या पार्टीला आता पाचवा जेंटल टाकू नका. दुसरा टप्पा तुमचा राहिलाच आहे, तोच करा: अकाउंट्सचा मेल आयडी काढा, बिल पुन्हा जोडा आणि बुक झालंय का एवढंच विचारा. डिलिव्हरी चलनावर त्यांच्या गोडाऊनचा सही-शिक्का आहे का तेही आधी बघून घ्या, प्रिंटिंगच्या बिलात नव्वद टक्के घोळ तिथेच असतो असं माझं निरीक्षण आहे. उत्तर काय आलं ते इथेच लिहा, शेवटचा मजकूर आपण मिळून बनवू.