बेरीज १०० आली म्हणून रिपोर्ट बरोबर ठरत नाही

व्हॉट्सअॅपवर शॉप फ्लोअरच्या ग्रुपांमध्ये फिरणारा मेसेज असा आहे: "प्रॉडक्शन रिपोर्ट तपासायला एक मिनिट पुरतं. यील्ड आणि रिजेक्शनची बेरीज १०० आली की आकडे बरोबर. रिवर्क होऊन पास झालेला पीस हा चांगलाच पीस, त्याचा वेगळा हिशेब नको. सगळ्या ऑपरेशन्सच्या यील्डची सरासरी काढली की लाईनचं यील्ड. आणि एफिशियन्सी ८५ च्या वर असेल तर प्लांट वर्ल्ड क्लास."

एका पाळीचा रिपोर्ट समोर ठेवून बोलू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण रिपोर्टची धाटणी कुठल्याही मशीन शॉपमध्ये भेटेल. कास्ट आयर्नचा बुश, सीएनसी लेथवर फिनिश टर्निंग. लाईनवर टाकलेले नग १२००, चांगले १११६, स्क्रॅप ३६. खाली टक्केवारी: यील्ड ९६.९, रिजेक्शन ३.१, एफिशियन्सी ९३.०. बेरीज बरोबर १००. मेसेजप्रमाणे इथेच सही करून फाईल बंद करायची.

आता ९६.९ हा आकडा कशाला भागून आला ते शोधा. चांगले नग १११६ आहेत. १११६ भागिले ०.९६९ केलं की ११५२ च्या आसपास उत्तर येतं, आणि एका दशांशापर्यंत ९६.९ देणारा पूर्णांक छेद ११५२ हा एकच आहे. १११६ अधिक ३६ म्हणजे ११५२. म्हणजे यील्ड काढताना टाकलेले १२०० नग वापरलेलेच नाहीत. चांगले आणि स्क्रॅप यांची बेरीज छेदात घेतली आहे. असा छेद घेतला की यील्ड आणि रिजेक्शनची बेरीज कायम १०० येणार, भले शंभर नग चोरीला गेलेले असोत. ही तपासणी नापास होऊच शकत नाही, म्हणून ती तपासणी नव्हे. १२०० ने भागलं तर यील्ड ९३.० आणि रिजेक्शन ३.० येतं, म्हणजे ९६.०. उरलेले चार टक्के, म्हणजे ४८ नग, रिपोर्टमध्ये कुठेच नाहीत.

ते शोधायचे तर टक्केवारी बाजूला ठेवून नगांचा ताळेबंद मांडावा लागतो. पाळी सुरू होताना लाईनवर शिल्लक असलेले नग अधिक आज टाकलेले नग ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला चांगले, स्क्रॅप, रिवर्कसाठी बाजूला ठेवलेले आणि पाळी संपताना उरलेले. या लाईनवर सकाळी ३० नग शिल्लक होते, म्हणजे एकूण १२३०. दुसऱ्या बाजूला १११६ चांगले, ३६ स्क्रॅप, २२ रिवर्कला, आणि फिनिशिंगच्या आधी क्रेटमध्ये थांबलेले ५०. बेरीज १२२४. आता प्रश्न ४८ नगांचा राहिला नाही, फक्त सहाचा राहिला. तो मात्र सोडायचा नाही.

सहा नग कुठे जातात याच्या जागा ठरलेल्या आहेत. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट जुळेपर्यंत दोन-तीन सेटिंग पीस जातात. ते लाल बिनमध्ये पडतात, पण बऱ्याच ठिकाणी ते स्क्रॅपच्या खात्यात लिहायची पद्धतच नसते. दुसरी जागा म्हणजे ब्लोहोल. टर्निंग केल्यावर कास्टिंगमधलं भोक उघडं पडतं, तो नग फाउंड्रीला परत जाणार म्हणून मटेरियल रिजेक्शनच्या वेगळ्या रजिस्टरला चढतो आणि पाळीच्या रिपोर्टमधून गायब होतो. तिसरी म्हणजे क्वालिटी रूममध्ये मापाला नेलेले आणि तिथेच राहिलेले नग. या तिन्ही जागा पाळी संपायच्या आत पाहता येतात, दुसऱ्या दिवशी नाही.

चौथी शक्यता मोजणीची. चांगले नग वजनावर मोजत असाल तर क्रेटचं वजन बघा. तयार बुश २४० ग्रॅमचा आणि काट्यावर क्रेटचं वजन २ किलो धरलेलं असताना, मध्येच दीड किलोचे पातळ क्रेट आले, तर अशा प्रत्येक क्रेटमागे दोन नग कमी मोजले जातात. तीन क्रेट म्हणजे बरोबर सहा नग. उलटी चूकही होते: टर्निंगच्या आधीचा नग ३१० ग्रॅमचा, आणि लाईनवरची शिल्लक २४० ग्रॅमच्या सेटिंगवर मोजली, तर ५० नगांचे ६४-६५ दिसतात. ताळेबंदात नग कमी पडण्याऐवजी जास्त दिसायला लागले की आधी काटा तपासा, माणसं नंतर.

रिवर्कचा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. १११६ चांगल्या नगांपैकी ६४ नगांचा बोअर पहिल्यांदा कमी मापाचा आला होता. गो गेज आत जात नव्हता, म्हणून त्यांना वेगळ्या लेथवर आणखी एक कट दिला आणि मग ते पास झाले. ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलेच आहेत, यावर वाद नाही. पण प्रोसेसच्या दृष्टीने नाहीत. पहिल्या फटक्यात पास झालेले नग १०५२. पहिल्यांदा तपासलेले नग म्हणजे चांगले, स्क्रॅप आणि रिवर्कला ठेवलेले मिळून ११७४. १०५२ भागिले ११७४, म्हणजे ८९.६ टक्के. रिपोर्टवरचं ९६.९ आणि हे ८९.६ यांच्यामधली दरी म्हणजे या एका पाळीत ८६ नगांना दुसऱ्यांदा हात लागतो आहे, आणि त्याचं कारण बहुधा एकच आहे: इन्सर्ट झिजतो तसा बोअर लहान होत जातो आणि ऑफसेट द्यायला उशीर होतो. रिजेक्शनच्या ३.१ कडे बघत बसलात तर हे कधीच दिसणार नाही, कारण बोअर लहान असलेला नग स्क्रॅप होत नाही. मोठा झालेला होतो.

शिवाय आज बाजूला ठेवलेले २२ नग उद्या पास होतील आणि उद्याच्या चांगल्यांमध्ये मिसळतील, पण उद्याच्या टाकलेल्या नगांमध्ये ते नसतील. लॉट लहान असेल तर उद्याचं यील्ड १०० च्या वरही जाऊ शकतं. यील्ड १०० च्या वर दिसलं की टाळ्या नकोत, आदल्या दिवशीचं रिवर्क किंवा शिल्लक त्यात आली आहे असंच समजा. रिवर्कच्या नगांना जॉब कार्डवर ज्या दिवशी ते टाकले त्या दिवसाची तारीख ठेवली की हा गोंधळ मिटतो.

सरासरीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तीन ऑपरेशन्सचं यील्ड ९८, ९५ आणि ९७ असेल तर सरासरी ९६.७ येते. पण हजार नग टाकले तर पहिल्यानंतर ९८०, दुसऱ्यानंतर ९३१, तिसऱ्यानंतर ९०३ उरतात. लाईनचं यील्ड ९०.३ आहे, गुणाकार करायचा असतो. महिन्याचं यील्ड काढताना मात्र गुणाकारही नको आणि रोजच्या टक्क्यांची सरासरीही नको. महिनाभराचे नग वर-खाली बेरजेने घ्यायचे आणि एकदाच भागायचं. हजार नगांच्या दिवशी ९५ टक्के आणि शंभर नगांच्या ट्रायल लॉटला ७० टक्के, यांची सरासरी ८२.५ सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण खरं यील्ड ९२.७ आहे.

राहिली एफिशियन्सी. रिपोर्टमध्ये ९३.० लिहिलंय. ते कुठून आलं? १११६ भागिले १२००. बरोबर ९३.०. म्हणजे इथे एफिशियन्सी म्हणून जे छापलंय ते टाकलेल्या नगांवरचं यील्डच आहे, नाव बदलून. वेळेचा त्यात काही संबंध नाही. मशीन अर्धी पाळी बंद असतं आणि सहाशेच नग टाकून ५५८ चांगले निघाले असते, तरी हा आकडा ९३ च आला असता.

वेळ आणून बघू. पाळी ४८० मिनिटांची, जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दोन सुट्ट्या दहा-दहा मिनिटांच्या वजा करून ४३० मिनिटं. लोडिंगसह स्टँडर्ड सायकल टाइम २० सेकंद. म्हणजे क्षमता १२९० नगांची. चांगले १११६ घेतले तर ८६.५ टक्के, मेसेजच्या मापाने वर्ल्ड क्लास. पहिल्या फटक्यातले १०५२ घेतले तर ८१.६ टक्के, वर्ल्ड क्लास नाही. तोच प्लांट, तीच पाळी. ८५ हा आकडा मुळात जपानच्या सेइची नाकाजिमा यांच्या टीपीएम या यंत्र-देखभालीच्या पद्धतीतून आला आहे: उपलब्धता ९०, वेग ९५ आणि गुणवत्ता ९९ टक्के यांचा गुणाकार साधारण ८५ होतो. त्यातल्या गुणवत्तेत रिवर्कही तोट्यातच धरला जातो. म्हणून ८५ शी तुलना करायची तर ८१.६ ची, ८६.५ ची नाही.

पण ८१.६ वरही लगेच विश्वास ठेवू नका, त्याचे तुकडे करा. डाउनटाइमच्या नोंदी मिळून ५२ मिनिटं, म्हणजे मशीन चाललं ३७८ मिनिटं. फिनिश टर्निंग झालेले नग ११७४, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे ३९१ मिनिटांचं काम. ३७८ मिनिटांत ३९१ मिनिटांचं काम झालं, वेग १०३.५ टक्के. सीएनसीचा प्रोग्राम ऑपरेटरच्या उत्साहाने जास्त वेगाने धावत नाही. फीड ओव्हरराइडचा नॉब १०० च्या वर ठेवला असेल तर धावेल, आणि मग बोअर का हलतोय त्याचंही उत्तर मिळेल. नसेल तर एक तर डाउनटाइम फुगवून लिहिलाय किंवा २० सेकंद हे स्टँडर्ड सैल आहे.

हे ठरवायला स्टॉपवॉच लागतं आणि दहा नग लागतात. दार बंद होण्यापासून पुढच्या वेळी दार बंद होईपर्यंत मोजा, म्हणजे लोडिंग आपोआप धरलं जातं. समजा १९ सेकंद आले. मग ११७४ नगांचं काम ३७२ मिनिटांचं, वेग ९८.४ टक्के; हे पटण्यासारखं आहे. आणि क्षमता वाढल्यामुळे एकूण आकडा ८१.६ वरून ७७.५ वर उतरतो. स्टँडर्ड बदललं तर कोणत्या तारखेपासून, ते रिपोर्टच्या माथ्यावर लिहा, नाहीतर महिनाअखेरीला अर्धे दिवस २० सेकंदांचे आणि अर्धे १९ चे एकाच आलेखात येतील आणि लाईन अचानक बिघडली असं वाटून मेंटेनन्सला बोलावणं जाईल.